‘बंद करा’ सांगितलेला नंबर पुन्हा यादीत येतो कसा?

प्रश्न: महाद्वार रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे, राजारामपुरीत दुसरी शाखा. बिलिंगमधून आणि नवरात्रातल्या लकी ड्रॉच्या कुपनांवरून जमलेले अकरा हजारांच्या आसपास नंबर आहेत. सणाला एसएमएस आणि व्हॉट्सॲप पाठवतो. एका ताईंनी दिवाळीत मेसेज बंद करायला सांगितलं होतं, तरी पाडव्याला परत गेला. आता त्या तक्रार करणार म्हणतात. संमतीची नोंद कशी ठेवायची आणि ‘बंद करा’ म्हटल्यावर नेमकं काय करायचं?

उत्तर: आधी एक विचारा: ताईंनी दिवाळीत सांगितलं ते कुणाला, आणि कसं? हेडरवरून येणारा जाहिरातीचा एसएमएस एकतर्फी असतो. फोनवर अक्षरी नाव दिसतं, शेवटी जाहिरातीची खूण म्हणून `-P` असतं, पण त्याला उत्तर पाठवता येत नाही. म्हणजे व्हॉट्सॲपवर लिहिलं नसेल, तर त्यांनी एक तर दुकानात फोन केला असणार, नाहीतर खरेदीला आल्यावर काउंटरवर ‘ते मेसेज बंद करा की हो’ असं सांगितलं असणार. काउंटरवरच्या मुलानं ‘हो ताई, सांगतो’ म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाचं बिल करायला घेतलं. हे मी बऱ्याच दुकानांत पाहिलंय. मुलगा बेफिकीर असतो असं नाही. ते लिहायला त्याच्यासमोर जागाच नसते.

दुसरी शक्यता अशी की त्यानं खरंच सांगितलं आणि कुणीतरी यादी उघडून ताईंचा नंबर खोडला. तिथेच घात होतो. पाडव्याच्या आधी तुम्ही बिलिंग सॉफ्टवेअरमधून ग्राहकांची यादी नव्यानं काढली असेल. बिलिंगमध्ये त्यांचा नंबर होताच, तो परत आला. किंवा राजारामपुरीच्या यादीत तो वेगळा पडून होता. नंबर खोडला की त्या बाईंनी नको म्हटलं होतं याचा पुरावाही त्याच्याबरोबर खोडला जातो. म्हणून यादीतून काढायचं नाही, उलट एका वेगळ्या यादीत घालायचं. तिला आपण ‘बंद यादी’ म्हणू. दोन्ही शाखा, एसएमएस आणि व्हॉट्सॲप, सगळ्यांना मिळून ही एकच. तिच्यात नंबर जातो. तो बाहेर फक्त त्या ग्राहकाच्या स्वतःच्या शब्दावर येतो, कुठल्याही नव्या फाइलमुळे येत नाही.

ही यादी पाहायची वेळ महत्त्वाची आहे. पुष्कळ जण महिन्यातून एकदा यादी ‘साफ’ करतात आणि मग तीच साफ केलेली फाइल पुढचे सहा महिने वापरतात. तपासणी पाठवण्याच्या क्षणी व्हायला हवी: आज मोहीम आहे, आज सकाळी फाइल काढली, आजच ती बंद यादीशी ताडली, मगच अपलोड केली. उरलेली फाइल तिथेच पुसून टाकायची, म्हणजे पुढच्या वेळी ती चुकून हाताला लागत नाही.

ताडताना नंबर एकाच साच्यात हवेत. एकीकडे ‘+91 98…’ असेल, दुसरीकडे ‘098…’ आणि तिसरीकडे मधे रिकामी जागा असेल, तर संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या नंबरांबरोबर डोळ्यांना न दिसणारी चिन्हंही येतात. गुगल शीटमध्ये एवढं पुरतं:

```
B2:  =RIGHT(REGEXREPLACE(A2&"","[^0-9]",""),10)
C2:  =LEN(B2)
D2:  =COUNTIF(Band!A:A,B2)
```

`A` मध्ये मूळ नंबर, `B` मध्ये शेवटचे दहा आकडे, `Band` ही बंद यादीची शीट. तिच्यातले नंबरही याच पद्धतीनं दहा आकड्यांवर आणून ठेवायचे. `C` मध्ये १० नसेल तर ती ओळ हातानं पाहायची आणि `D` मध्ये ० सोडून काहीही असेल तर तो नंबर पाठवायच्या फाइलमध्ये जाता कामा नये. नंबरांची फाइल एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करू नका. बारा आकडी नंबर तिथं कधी कधी `9.19E+11` असा दिसतो, आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केला की शेवटचे आकडे कायमचे जातात.

आता संमतीच्या नोंदीकडे येतो. ग्राहकांच्या यादीत ‘संमती: हो’ असा एक रकाना करून भागत नाही, कारण प्रश्न येतो तेव्हा ‘आहे का’ एवढंच कुणी विचारत नाही. कधी दिली, काय वाचून दिली, कशासाठी दिली, कुणाच्या समोर दिली, हे विचारलं जातं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ६ मध्ये हा बोजा स्पष्टपणे तुमच्यावर टाकला आहे: सूचना दिली होती आणि संमती घेतली होती हे सिद्ध करायचं काम व्यावसायिकाचं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत सवड म्हणून वापरू नका. आज ज्या पद्धतीनं नंबर घेताय, त्याच नंबरांचा हिशेब तेव्हा द्यावा लागेल.

म्हणून रकान्याऐवजी रोजकीर्द ठेवा. जे घडेल त्याची नवी ओळ. जुनी ओळ कधी बदलायची नाही, खोडायची नाही. या ताईंचंच उदाहरण घेऊन, नोंद नीट असती तर ती साधारण अशी दिसली असती:

```
वेळ, नंबर, माध्यम, घटना, मजकूर, कुठे, नोंदवणारा
2025-09-24 18:40, 98xxxxxx41, व्हॉट्सॲप, हो, म-2, महाद्वार, काउंटर 1
2025-10-16 11:05, 98xxxxxx41, सर्व, बंद, -, फोन, काउंटर 2
2025-10-16 19:30, 98xxxxxx41, सर्व, बंद यादीत घातला, -, -, मालक
```

पहिली ओळ सांगते की नवरात्रात महाद्वार रोडच्या दुकानात त्यांनी संमतीच्या चिठ्ठीवर फक्त व्हॉट्सॲपला हो म्हटलं होतं. म्हणजे एसएमएसला त्यांची संमती कधी नव्हतीच, हे लगेच कळतं. ‘म-2’ हा चिठ्ठीवरच्या मजकुराचा क्रमांक आहे. तुम्ही चिठ्ठीचा मजकूर बदललात की ‘म-3’ करायचं आणि जुन्या चिठ्ठीची एक कोरी प्रत फाइलला लावून ठेवायची, कारण ग्राहकानं तेव्हा जे वाचलं तेवढ्यालाच त्याचा होकार आहे. दुसरी आणि तिसरी ओळ मुद्दाम वेगळी ठेवली आहे: ग्राहकानं कधी सांगितलं आणि आपण प्रत्यक्षात कधी केलं. या दोन वेळांत किती अंतर पडतं हेच तुमच्या कामाचं खरं मोजमाप. माझा नियम असा की त्याच दिवशी, दुकान बंद करण्यापूर्वी. आणि मोहीम सुरू असेल तर ती थांबवून आधी हे.

चिठ्ठीवर काय लिहायचं? बिलासाठी नंबर घेणं आणि जाहिरातीसाठी नंबर घेणं या दोन गोष्टी आहेत. एखादीनं बिल फोनवर पाठवा म्हणून नंबर सांगितला, तर बिल पाठवा. त्यावर दिवाळी धमाका पाठवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. मी दुकानांना असा मजकूर देतो:

‘नवीन साड्या आणि सणाच्या सवलतींची माहिती (दुकानाचं नाव) यांच्याकडून मिळावी अशी माझी इच्छा आहे. ☐ एसएमएसवर ☐ व्हॉट्सॲपवर. ही खूण न करताही बिल आणि सवलत मिळेल. मेसेज कधीही बंद करण्यासाठी या नंबरवर मिस्ड कॉल द्या किंवा काउंटरवर सांगा.’ खाली नंबर, तारीख, सही.

दोन्ही चौकोन कोरे छापायचे आणि खूण ग्राहकानंच करायची. काउंटरवरचा मुलगा घाईत दोन्हीवर खुणा करून फक्त सही मागतो, तेव्हा ती संमती त्या मुलाची असते. हे कळतं कसं? आठवड्याच्या चिठ्ठ्या पसरून पाहा. सगळ्यांवर एकाच पेनाची, एकाच वळणाची खूण आणि शंभरातल्या शंभरांचा होकार दिसला तर काउंटरवर काय चाललंय ते समजतं. खरी माणसं निवडतात, काही जण नको म्हणतात. निपाणी-बेळगावकडचं गिऱ्हाईक तुमच्याकडे भरपूर येतं, त्यांच्यासाठी कन्नडमधली चिठ्ठीही ठेवा. सूचना संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय डेटा संरक्षण कायदा ग्राहकाला देतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात भले भले गोंधळतात. तुमची चिठ्ठी तुमच्या कपाटात आहे, ती मोबाइल कंपनीला दिसत नाही. एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे व्यापारी संदेशांचे विनियम लागू होतात: डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर दुकानाची नोंदणी, हेडर आणि मजकुराचा साचा मंजूर असल्याशिवाय मेसेज पुढे जात नाही, आणि ग्राहकानं १९०९ वर जाहिराती अडवल्या असतील तर कंपनीची यंत्रणाच तो गाळते. ही पसंती ओलांडायची तर ग्राहकाची संमती त्याच यंत्रणेत नोंदलेली लागते. त्यासाठी १२७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून ग्राहकाला संमतीची विचारणा जाते, तो हो किंवा नाही म्हणतो आणि ते तिथेच नोंदलं जातं. म्हणजे एसएमएससाठी दोन जागी होकार लागतो: चिठ्ठी तुमच्या हिशेबासाठी आणि डीएलटीवरची नोंद मेसेज पोचण्यासाठी. व्हॉट्सॲप डीएलटीच्या बाहेर आहे, तिथं चिठ्ठीच आधार. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या धोरणातही आधी संमती घ्यायची अट आहे.

आता नकाराची बाजू. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रायनं विनियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानंतर जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजमध्ये बंद करायची सोय देणं बंधनकारक आहे, आणि ग्राहकानं एकदा नकार दिला की ९० दिवस त्याला पुन्हा संमती मागता येत नाही. या मधल्या काळात ग्राहक स्वतःहून दुकानात येऊन ‘पुन्हा सुरू करा’ म्हणाला तर हरकत नाही. नवी चिठ्ठी, नवी ओळ. पण मुलांना बजावून ठेवा की बंद यादीतल्या बाई खरेदीला आल्या तर आपणहून चिठ्ठी पुढे सरकवायची नाही.

नकार पाच-सहा वाटांनी येतो आणि प्रत्येक वाट बंद यादीपाशी पोचली पाहिजे. मिस्ड कॉलचा नंबर ठेवलात तर त्याची यादी रोज उतरवायला एक माणूस ठरलेला हवा. व्हॉट्सॲपवर तुमची यंत्रणा `STOP` हा शब्द ओळखते, पण कोल्हापुरातलं गिऱ्हाईक ‘बंद करा’, ‘nako’, ‘परत पाठवू नका’, ‘कोण तुम्ही?’ असं लिहितं. शब्दांची यादी कितीही वाढवली तरी काही निसटणारच, म्हणून संध्याकाळी एकानं आलेली उत्तरं डोळ्यांनी वाचायची. शंका असेल तिथं नकार धरायचा. व्हॉट्सॲपच्या एपीआयवरून पाठवत असाल तर ग्राहक ॲपमधूनच तुमच्या जाहिराती थांबवू शकतो. मग तुमच्या अहवालात `131050` हा एरर कोड दिसतो. पुष्कळ जण तो ‘मेसेज गेला नाही’ म्हणून सोडून देतात आणि त्याच बाईंना एसएमएस पाठवतात. तो कोड म्हणजे नकारच आहे, त्याची बंद यादीत ओळ झाली पाहिजे. ग्राहकानं ब्लॉक केलं तर मात्र कुणी कळवत नाही; मोहिमेमागून मोहीम मेसेज पोचतच नसेल तर थांबणं शहाणपणाचं.

काउंटरसाठी मी एक साधी वही सांगतो: तारीख, वेळ, नंबर, ‘काय म्हणाले’. बिलाच्या प्रिंटरशेजारी दोरीला पेन बांधून. रात्री ती वही आणि व्हॉट्सॲपची उत्तरं दोन्ही रोजकीर्दीत उतरवायची. नकार नोंदल्यावर एकच ओळ कळवायची: ‘आपल्या नंबरवरचे जाहिरातीचे मेसेज बंद केले आहेत.’ कारण विचारायचं नाही, जाता जाता कुठली सवलत सांगायची नाही.

‘बंद’ म्हणजे नेमकं किती बंद? ताई जाहिरातींना कंटाळल्या आहेत. साडी फॉल-पिकोला दिली असेल तर ‘तयार आहे, घेऊन जा’ हा मेसेज त्यांना हवाच असतो. तो चालू ठेवा, पण त्याच्या शेपटीला ‘नवा माल आलाय’ जोडू नका. एवढ्या एका ओळीनं तो जाहिरातीचा मेसेज होतो. कुणी ‘माझा नंबरच तुमच्याकडून काढून टाका’ म्हणाल्या तर ती वेगळी मागणी. जीएसटीसाठी बिलं ठेवावी लागतात ती राहतील, पण जाहिरातीच्या यादीतलं नाव, पत्ता, वाढदिवस, खरेदीची आवड हे सगळं पुसायचं. बंद यादीत फक्त दहा आकडे आणि तारीख उरते, आणि ती का ठेवतोय हे त्यांना सरळ सांगायचं: ती नसेल तर उद्या दुसऱ्या शाखेतून पुन्हा मेसेज जाईल. कुणी सुचवेल की नंबर ठेवण्याऐवजी त्याचा हॅश, म्हणजे गणितानं केलेलं सांकेतिक रूप, ठेवा. दहा आकड्यांच्या नंबरांचे सगळे हॅश संगणक सहज काढतो, त्यामुळे त्यानं नंबर लपतो असं समजू नका. यादी कुणाला उघडता येते, एवढंच नीट सांभाळा.

नंबर हातही बदलतात. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. तीन वर्षांपूर्वी हो म्हटलं त्या बाई वेगळ्या आणि आज त्या नंबरवर मेसेज वाचणारा इचलकरंजीचा कुणी तरुण वेगळा. त्याच्याकडून ‘चुकीचा नंबर’ असं आलं की नंबर बंद यादीत घाला आणि जुन्या ग्राहकाच्या नावापासून तो तोडा, नाहीतर त्या बाईंच्या खरेदीची बिलं अनोळखी माणसाकडे जात राहतील.

ही सगळी व्यवस्था चालते की नाही, हे तपासायला तुमचा स्वतःचा आणि राजारामपुरीच्या व्यवस्थापकाचा असे दोन नंबर दोन्ही शाखांच्या बिलिंगमध्ये ग्राहक म्हणून घाला, आणि तेच बंद यादीतही घाला. मोहिमेच्या दिवशी या दोन फोनवर मेसेज आला तर ताडणी चुकली आहे. पुढचा गठ्ठा तिथेच थांबवा. म्हणून सगळे नंबर एकदम सोडायचे नाहीत, पहिला छोटा गठ्ठा सोडायचा, आणि त्याच्या ताडणीपूर्वीच्या फाइलमध्ये हे दोन नंबर असायचे. बंद यादी एसएमएस पुरवणाऱ्याच्या पोर्टलवरच ठेवणारेही पुष्कळ आहेत. पुरवठादार बदलला की ती तिकडेच राहते आणि सगळ्या नकार दिलेल्यांना नव्यानं मेसेज जातात. मूळ प्रत तुमच्या हातात हवी.

ताईंच्या तक्रारीबद्दल. एसएमएस आल्यापासून सात दिवसांत त्या १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करू शकतात, आणि मग मोबाइल कंपनी तुमच्याकडे संमतीचा पुरावा मागेल. तुमच्याकडे तो नाही, तर नंतर चिठ्ठी तयार करायच्या फंदात पडू नका. आज त्यांना स्वतः फोन करा, दिवाळीत सांगितलं होतं ते आमच्याकडे नोंदलं गेलं नाही हे कबूल करा, नंबर दोन्ही शाखांत बंद केल्याचं सांगा आणि तसं लेखी पाठवा. काउंटरवरच्या कुणाच्या खासगी सिमवरून ऑफरचे एसएमएस जात असतील तर तेही आजच थांबवा. दहा आकडी साध्या नंबरवरून जाहिरात करणं नोंदणीशिवायच्या पाठवणीत मोडतं आणि तिथं दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होते.

उरले ते अकरा हजार नंबर. त्यांचे तीन ढीग करा. ज्यांची लेखी संमती सापडते, ते रोजकीर्दीत चढवा. बिलिंगमधून आलेले पण संमती नसलेले, त्यांना बिलाचे आणि फॉल-पिकोचे मेसेज तेवढे जाऊ द्या. पुढच्या खरेदीला आले की चिठ्ठी द्या, किंवा एसएमएससाठी डीएलटीवरून विचारणा पाठवा. ‘मेसेज नको असतील तर कळवा, नाहीतर संमती धरू’ असं मात्र कुणाला पाठवू नका. गप्प राहण्याला कायदा होकार मानत नाही. लकी ड्रॉची कुपनं हा तिसरा ढीग. त्यावर बक्षीस लागल्यास कळवण्यासाठी नंबर घेतला होता, ड्रॉ झाला, काम संपलं. काही कुपनं तर शाळकरी पोरांनी आईबरोबर येऊन भरलेली असणार, आणि अठरा वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला डेटा संरक्षण कायदा मनाई करतो. तो ढीग पुसून टाका. यंदाच्या कुपनावर चिठ्ठीतलाच मजकूर कोऱ्या चौकोनांसकट छापून घ्या आणि खूण न केलेलं कुपनही ड्रॉमध्ये तितकंच चालेल असं त्यावर लिहा.